शिजलेल्या पातेल्याचे पुढचे सहा तास

अन्नातून विषबाधा झाली की आपला संशय आधी कच्च्या मालावर जातो. मांस नीट शिजलं नसेल, भाजी धुतली नसेल, पाणी खराब असेल. हे सगळं खरं असू शकतं. पण नीट शिजवलेल्या, खळखळून उकळलेल्या पदार्थानंही लोक आजारी पडतात, कारण गडबड गॅस बंद केल्यानंतर होते. मोठ्या पातेल्यातलं अन्न थंड व्हायला किती वेळ लागतो, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे आणि घरोघरी त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

आजार पसरवणारे बहुतेक जिवाणू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात वाढतात. ६० च्या वर त्यांची वाढ थांबते आणि आणखी वर ते मरू लागतात. ५ च्या खाली ते मरत नाहीत, नुसते मंदावतात. (लिस्टेरिया हा अपवाद, तो फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढतो.) या पट्ट्याला धोक्याचा पट्टा म्हणतात, पण तो सगळीकडे सारखा धोकादायक नसतो. १० अंशांना वाढ रेंगाळत चालते, ३५ ते ४५ अंशांच्या आसपास ती सुसाट होते. म्हणून अन्न पट्ट्यात किती वेळ होतं, तितकंच ते पट्ट्याच्या कोणत्या भागात रेंगाळलं हेही पाहावं लागतं.

आता उकळण्याबद्दल. चिकन ७४ अंशांपर्यंत आतून तापलं की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर मरतात, त्यासाठी उकळीचीही गरज नसते. पण काही जिवाणूंना बीजाणू बनवता येतात. टणक कवचातल्या बीसारखं हे रूप कोरडेपणा सोसतं आणि १०० अंशांची उकळीही सोसतं. घरच्या स्वयंपाकात यातले दोन महत्त्वाचे: मांसाच्या रश्श्यात सापडणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स, आणि भात व पास्त्यात सापडणारा बॅसिलस सेरियस. उकळीत बाकीचे जिवाणू मरतात आणि बीजाणूंना मोकळं रान मिळतं. परफ्रिन्जेन्सला प्राणवायू नको असतो. उकळल्यामुळे रश्श्यातला विरघळलेला प्राणवायू बाहेर पडलेला असतो, त्यामुळे पातेल्याचा तळ त्याला अगदी सोयीचा पडतो.

एक उदाहरण घेऊ. आठ लिटर चिकनचा दाट रस्सा रात्री नऊला तयार झाला. गॅस बंद केला, झाकण ठेवलं आणि पातेलं ओट्यावरच राहिलं. खोलीचं तापमान ३० अंश. एवढं पातेलं किती सावकाश निवतं याचा ढोबळ हिशोब केला, तर ६० अंशांवर यायलाच सव्वाअकरा वाजतात. ५० अंशांवर ते साधारण साडेबाराला येतं आणि तिथून ३५ पर्यंत उतरायला पहाटेचे चार वाजतात. म्हणजे जिवाणूंना सगळ्यात मानवणाऱ्या तापमानात रस्सा साडेतीन तासांच्या वर राहिला. सकाळी सातला तो अजून खोलीपेक्षा थोडा कोमटच असतो.

परफ्रिन्जेन्स ४३ ते ४५ अंशांच्या आसपास दहाएक मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. समजा एका ग्रॅम रश्श्यात फक्त १० जिवाणू होते आणि त्यांना रुजायला थोडा वेळ लागला. नंतरच्या २०० मिनिटांत वीस वेळा दुप्पट म्हणजे साधारण दहा लाखपट. दर ग्रॅमला १० चे एक कोटी झाले. आजारी पडायला दर ग्रॅमला दहा लाखही पुरतात. प्रत्यक्षात तापमान सतत बदलतं, त्यामुळे आकडा कमी येईल. पण कमी म्हणजे किती कमी, यावर पैज लावण्यात अर्थ नाही. रश्श्याचा वास, रंग, चव यात फरक पडेलच असंही नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: ‘सकाळी परत उकळलं की झालं.’ परफ्रिन्जेन्सच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. त्याचं विष तयार होतं ते पोटात गेलेल्या जिवंत जिवाणूंकडून, आणि रस्सा सगळीकडे ७४ अंशांपर्यंत तापला तर ते जिवंत जिवाणू मरतात. अडचण बॅसिलस सेरियसची आहे. त्याचा एक प्रकार अन्नातच सेरुलाइड नावाचं विष बनवून ठेवतो आणि हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. जिवाणू मेला, विष तसंच राहिलं. नाकातोंडातून किंवा हातावरच्या जखमेतून अन्नात येणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं विषही असंच उकळीला दाद देत नाही. २००८ साली ब्रसेल्समध्ये वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं पाच दिवस खोलीच्या तापमानात राहिलेलं स्पॅगेटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्लं. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मृतावस्थेत आढळला. अन्न तपासल्यावर संशय बॅसिलस सेरियसवर आला. इतका टोकाचा परिणाम फार दुर्मीळ आहे, पण गरम केल्यानं काय होत नाही हे त्यातून कळतं.

तेव्हा काम करायचं ते थंड करतानाच. व्यावसायिक स्वयंपाकघरांसाठी अमेरिकेत एक नियम आहे तो घरीही वापरण्याजोगा आहे: ५७ अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांच्या आत, आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. पहिला टप्पा कडक आहे, कारण वाढीचा सुसाट भाग त्यातच येतो. दुसऱ्या टप्प्यात थोडी सवलत चालते. यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: खोलीच ३० अंशांची असेल, तर ओट्यावरचं अन्न रात्रभर ठेवलं तरी २१ अंशांवर येणारच नाही. पंखा लावला तरी नाही.

दाट पदार्थाची उष्णता आतून बाहेर यायला थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. थर निम्मा केला की वेळ साधारण पाव होतो. म्हणून भात असेल तर मोठ्या ताटांत किंवा ट्रेमध्ये पसरा, थर पाच सेंटिमीटरच्या आत ठेवा, भाताला त्याहून कमी असेल तर उत्तम. वाफ जोरात निघत असेपर्यंत झाकू नका, झाकण उष्णता कोंडून ठेवतं. रस्सा किंवा सूप असेल तर पातेलं सिंकमध्ये किंवा मोठ्या टबमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा. पाण्याची पातळी बाहेरून रश्श्याच्या पातळीइतकी यायला हवी आणि दर चार-पाच मिनिटांनी ढवळायला हवं, नाहीतर कडेचा रस्सा गार होतो आणि मधला तसाच राहतो. बर्फ किती लागेल? चार लिटर रस्सा ६० वरून २० अंशांवर आणायला सुमारे दोन किलो. म्हणजे रश्श्याच्या निम्म्या वजनाचा बर्फ. फ्रिजच्या ट्रेमधले चार खडे टाकून काही होत नाही. आठ लिटर एकदम थंड करण्याऐवजी ते तीन-चार भांड्यांत वाटून घेतले, तर हेच काम कितीतरी सोपं होतं.

‘गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवू नये’ हे अर्धंच खरं. आठ लिटरचं गरम पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं तर शेजारचं दूध आणि उरलंसुरलं सगळं कोमट होतं, आणि पातेल्याचा मधला भाग तरीही तासन् तास गरम राहतो. पण उथळ डब्यातलं, वाफ गेलेलं लिटर-दीड लिटर अन्न खुशाल ठेवा. डब्यांमध्ये हवा फिरायला जागा सोडा, झाकण गार होईपर्यंत थोडं किलकिलं ठेवा. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि खोली ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास. फ्रिजच्या बटणावरचे १ ते ७ आकडे म्हणजे अंश नव्हेत. मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर रात्रभर ठेवून पाहा, ४ अंश किंवा कमी दिसायला हवं. थर्मामीटर बरोबर आहे का ते ठेचलेला बर्फ भरपूर आणि पाणी थोडं, अशा मिश्रणात बुडवून कळतं. तिथे ० यायला हवा.

इतकं करून थंड केलेलं अन्न मग कुठल्या सुरीखाली जातं, तेही पाहायला हवं. शिजलेलं अन्न म्हणजे जिवाणूंसाठी रिकामं घर, स्पर्धक सगळे उकळीत गेलेले. शिवाय ते पुन्हा शिजणार नसेल, तर कच्च्या चिकनच्या बोर्डवरून आलेले जिवाणू मारणारी पायरीच पुढे उरत नाही. कॅम्पिलोबॅक्टरचे काही शे जिवाणूही आजारी पाडायला पुरतात, म्हणजे रसाचा एक थेंब बास. म्हणून कच्चं मांस सगळ्यात शेवटी कापा, त्यासाठी वेगळा बोर्ड ठेवा आणि फ्रिजमध्ये ते सगळ्यात खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या भांड्यात ठेवा. चिकन नळाखाली धुवू नका. त्यानं ते स्वच्छ होत नाही, उलट पाण्याचे तुषार सिंकभोवती, ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. सगळ्यात दगा देतं ते ओटा पुसायचं ओलं फडकं: सांडलेला रस ते पुसत नाही, पसरवतं. मांसाचा रस कागदानं टिपून टाका, मग साबण, मग गरम पाणी.

उरलेलं अन्न खाताना लागेल तेवढंच बाहेर काढा आणि तेवढंच आतपर्यंत ७४ अंशांवर आणा. मायक्रोवेव्ह अन्न ठिकठिकाणी वेगवेगळं तापवतो, म्हणून मधे एकदा ढवळा, झाका आणि बाहेर काढल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या. एकदा गरम केलेलं परत फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजमधला रस्सा तीन-चार दिवस चालतो, भात मात्र एका दिवसात संपवलेला बरा.

आणि त्रास झालाच, तर घड्याळ काही सांगतं. खाल्ल्यानंतर अर्धा ते सहा तासांत जोरात उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच विष बनलेलं असण्याची शक्यता मोठी. आठ ते बारा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब, ताप नाही, असं असेल तर परफ्रिन्जेन्सवर संशय घ्यावा. साल्मोनेलाला बहुधा सहा तासांपासून अनेक दिवस लागू शकतात आणि त्यात ताप येतो. म्हणून दोषी जेवण शेवटचंच असेल असं धरू नका. जुलाबात रक्त पडत असेल, पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, किंवा आजारी व्यक्ती तान्हं मूल, गरोदर स्त्री वा वृद्ध असेल, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका. उरलेल्या संशयित अन्नाची चव घेऊन खात्री करू नका. पिशवीत बांधून लेबल लावून फ्रिजमध्ये वेगळं ठेवा, तपासणी लागली तर त्याचाच उपयोग होतो.