ओळींची बेरीज सारखी, मग तीच आयगेनमूल्य कशी?

एखाद्या चौरस मॅट्रिक्समधल्या प्रत्येक ओळीची बेरीज s इतकीच येत असेल, तर s हे तिचं आयगेनमूल्य असतं आणि सगळे घटक १ असलेला सदिश हा त्याचा आयगेनसदिश. सिद्धता जेमतेम एका वाक्याची आहे. त्या सदिशाने गुणलं की प्रत्येक ओळीतल्या आकड्यांची नुसती बेरीज होते, त्यामुळे उत्तरात वरपासून खालपर्यंत s येतो, म्हणजे मूळ सदिशाची s पट. इतकी सोपी गोष्ट असल्यामुळे तिचा जनक कोण हे शोधण्यात अर्थ नाही. ती वेळोवेळी कोणत्या रूपात समोर आली, हे मात्र पाहण्यासारखं आहे.

एकोणिसाव्या शतकात ती दिसायची निश्चयकात. ओळी a b c, c a b, b c a अशा फिरत्या असलेला निश्चयक घ्या. दुसरा आणि तिसरा स्तंभ पहिल्यात मिळवला की पहिल्या स्तंभात सगळीकडे a+b+c येतं आणि ते बाहेर काढता येतं. a³+b³+c³−३abc ला a+b+c ने भाग जातो तो यामुळेच. आता A−λI वर हीच युक्ती करा. कर्णावर λ वजा झाल्याने प्रत्येक ओळीची बेरीज s−λ होते, ती बाहेर निघते आणि λ=s ला निश्चयक शून्य होतो. या वाटेने मूल्य मिळतं, सदिश झाकलेलाच राहतो. पण सगळे स्तंभ एकत्र मिळवणं म्हणजे सगळ्या एकांच्या सदिशाने गुणणंच. गणिती हे आधीपासून करत होतेच, फक्त त्याला सदिश म्हणत नव्हते.

या सदिशाला खरा अर्थ आला तो रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांच्या कामात. परस्परावलंबी घटनांनाही सरासरीचे नियम लागू पडतात का, हा प्रश्न त्यांनी १९०६ मध्ये हाती घेतला. १९१३ मध्ये त्यांनी पुश्किनच्या ‘येव्गेनी ओनेगिन’मधली २०,००० अक्षरं मोजली. त्यात स्वर निघाले ८,६३८. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याचं प्रमाण ०.१२८, तर व्यंजनानंतर स्वर येण्याचं ०.६६३. आजच्या पद्धतीने मांडलं तर:

```
          स्वर     व्यंजन
स्वर     ०.१२८   ०.८७२
व्यंजन   ०.६६३   ०.३३७
```

पुढचं अक्षर काहीतरी असणारच, म्हणून प्रत्येक ओळीची बेरीज १. ही मॅट्रिक्स एखाद्या सदिशाला लावणं म्हणजे त्याच्या घटकांची भारित सरासरी काढणं. सगळे घटक सारखे असतील तर सरासरीही तितकीच येणार. सगळ्या एकांचा सदिश जागचा हलत नाही तो एवढ्यासाठी.

सदिश वेगळा असेल तर काय होतं तेही पाहू. (१, ०) घेतला तर एका गुणाकारानंतर (०.१२८, ०.६६३) येतो आणि दुसऱ्यानंतर साधारण (०.५९४५, ०.३०८३). दोन घटकांमधलं अंतर १ वरून ०.५३५ वर, तिथून ०.२८६ वर आलं. दुसरं आयगेनमूल्य −०.५३५ आहे, म्हणून अंतर दर वेळी त्या पटीत घटतं आणि चिन्ह उलटतं. शेवटी दोन्ही घटक ०.४३२ वर येऊन टेकतात. ८,६३८ ला २०,००० ने भागलं तरी ०.४३२ च येतं! सरासरी घेत गेलं की अंतर आटत जातं, हाच १९०६ मधल्या मार्कोव्ह यांच्या युक्तिवादाचा गाभा.

इथे एक गल्लत नेहमी होते. स्वर-व्यंजनांचं दीर्घकालीन प्रमाण (०.४३२, ०.५६८) हाही १ या मूल्याचाच आयगेनसदिश, पण डावीकडून गुणायचा. स्तंभांच्या बेरजा ०.७९१ आणि १.२०९ येतात, म्हणून डावीकडे सगळ्या एकांचा सदिश चालत नाही. उलट, स्तंभांच्या बेरजा सारख्या असतील तर s आयगेनमूल्य असतोच, कारण ओळी-स्तंभांची अदलाबदल केल्याने आयगेनमूल्यं बदलत नाहीत. उजवीकडचा सदिश मात्र वेगळा निघतो आणि तो शोधावा लागतो.

s हे सर्वांत मोठंही असतं का, याचं उत्तर याच सुमारास जर्मनीत मिळालं. पेरॉन यांनी १९०७ मध्ये धन घटकांच्या मॅट्रिक्सचा सिद्धांत मांडला आणि फ्रोबेनिअस यांनी १९१२ पर्यंत तो ऋण घटक नसलेल्या मॅट्रिक्सपर्यंत नेला. अशा मॅट्रिक्सचं सर्वांत मोठं आयगेनमूल्य ओळींच्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या बेरजेच्या दरम्यान असतं. सगळ्या बेरजा सारख्या झाल्या की मधे जागाच उरत नाही, ते मूल्य म्हणजे s.

ऋण आकडे आले की ही हमी संपते. (३, −२) आणि (−२, ३) या ओळींची बेरीज १ आहे आणि १ हे आयगेनमूल्यही आहे, पण (१, −१) ने गुणून पाहा: (५, −५) येतो, म्हणजे दुसरं आयगेनमूल्य ५.