आधी संपणारी बॅच आधी बाहेर: औषध होलसेलरची पिकिंग लिस्ट

ऑर्डर आली की गोदामातल्या पोऱ्याच्या हातात जो कागद जातो, त्यावर औषधाच्या नावापुढे बॅच नंबर, एक्सपायरी, रॅक आणि नग छापलेले असतात. बॅच कोणती काढायची हे त्याने ठरवायचं नाही, ते यादीनेच ठरवून द्यायचं.

यादीत येण्याची पात्रता आधी पाहू. बॅचचं इनवर्ड पूर्ण झालेलं हवं, ती रिकॉल किंवा तपासणीसाठी अडवलेली नसावी, आणि माल पोचेल त्या दिवशी ग्राहकाला हवी तितकी मुदत शिल्लक हवी. पाकिटावर फक्त महिना-वर्ष असेल, तर मुदत त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरतात.

समजा, १० ऑगस्ट २०२६ ला गडहिंग्लजच्या मेडिकलने गोळ्यांच्या १२० स्ट्रिप मागवल्या. कोल्हापूरच्या गोदामात तीन बॅच आहेत. पी-११८ मध्ये ३६ स्ट्रिप, मुदत ऑक्टोबर २०२६. पी-१२५ मध्ये २००, ऑगस्ट २०२७. ही मे महिन्यात आली. पी-१३१ मध्ये ५०, मार्च २०२७. ही जुलैत आली. दुकानदाराशी ठरलंय की किमान तीन महिने शिल्लक हवेत. पी-११८ ला तेवढे दिवस नाहीत, म्हणून ती वगळून कंपनीकडे परतीच्या बाजूला लावायची. मग पी-१३१ च्या सगळ्या ५० आणि पी-१२५ च्या ७०. आधी आलेला माल आधी काढला असता, तर १२० च्या १२० पी-१२५ मधून गेल्या असत्या आणि मार्चवाल्या ५० रॅकवरच बसल्या असत्या.

सॉफ्टवेअरमध्ये एक्सपायरी साधा मजकूर म्हणून साठवली असेल, तर मात्र क्रम फसतो: '०३/२७' हे '१०/२६' च्या आधी लागतं. तारीख म्हणूनच साठवायला सांगा.

कागदपत्रं म्हणाल तर होलसेलचा परवाना, म्हणजे फॉर्म २०-बी आणि २१-बी, चालू हवा. ज्याला माल द्यायचा त्याच्या परवान्याची प्रतही फाइलला हवी. खरेदी बिलावरून बॅच, एक्सपायरी आणि एमआरपी चढवायची. विक्रीच्या बिलात दोन बॅचच्या दोन ओळी येतात, एमआरपी वेगळी असली तर ती वेगळीच छापायची. बिलांवर बॅच नंबर लागतोच आणि बिलं तीन वर्षं जपून ठेवावी लागतात.

घोळ होतो तो रॅकवर. समोरचा बॉक्स पी-१२५ चा, यादीत पी-१३१. पोऱ्या समोरचाच उचलतो. त्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. पुढे पी-१२५ च्या खात्यात १३० असतात आणि हाताला ८० लागतात, किंवा दुकानदार एक्सपायरी परत करतो ती बॅच त्याच्या बिलावरच नसते. म्हणून पॅकिंगच्या टेबलावर दुसऱ्याने बॅच नंबर मोठ्याने वाचून यादीशी ताडावा. बॉक्स सापडलाच नाही तर परस्पर दुसरी बॅच न घालता आधी यादीतली ओळ बदलून घ्यावी, मगच बिल छापावं.