मूल वाचनात अडतंय की लक्ष देण्यात? तपासणी कधी करायची आणि पुण्यात अध्ययन अक्षमतेचा दाखला कसा काढायचा

पहिली घटक चाचणी झाली की मला पालकांचे फोन सुरू होतात. वाक्य जवळपास ठरलेलं असतं: "मॅडम, तोंडी सगळं येतं हो त्याला, पण पेपरात काही लिहीतच नाही." मी विशेष शिक्षिका आहे आणि असं वाक्य ऐकलं की आधी एवढंच विचारते, धडा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवला तर त्याला कळतो का? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचा रस्ता बराचसा ठरतो. म्हणून अर्ज आणि कागदपत्रांआधी त्याबद्दल लिहिते.

ओंकारचं उदाहरण घेते. नाव बदललं आहे. कर्वेनगरला राहणारा, मराठी माध्यमात पाचवीत शिकणारा दहा वर्षांचा मुलगा. शाळेचा शेरा होता, "लक्ष देत नाही, सतत जागेवरून उठतो." घरच्यांनी इंटरनेटवर वाचून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची आणि अति चंचलतेची अडचण असल्याचं जवळपास पक्कं केलं होतं. मी आईला तिसरीचं बालभारतीचं पुस्तक घ्यायला सांगितलं, म्हणजे त्याच्यापेक्षा दोन इयत्ता खालचं. त्यातला न शिकवलेला, साधारण शंभर शब्दांचा उतारा त्याने मोठ्याने वाचायचा आणि आईने फोनवर ते रेकॉर्ड करायचं. त्याला चार मिनिटांहून जास्त वेळ लागला. 'घर'चं 'धर' झालं, 'प्रवास'चा 'प्रकाश' झाला, 'शेतकऱ्याने' वाचताना शेवट गळून नुसतं 'शेतकरी' उरलं. जोडाक्षर आलं की तो थांबायचा, पहिलं अक्षर ओळखायचा आणि उरलेला शब्द अंदाजाने ठोकून द्यायचा. उताऱ्यावरच्या पाच प्रश्नांपैकी एकाचं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी तेवढाच, तितकाच अवघड दुसरा उतारा आईने वाचून दाखवला. पाचातली चार उत्तरं बरोबर, एक तर पुस्तकातल्यापेक्षा बरं.

म्हणजे समज शाबूत होती आणि गाडी छापील अक्षरापाशी अडत होती. डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अध्ययन अक्षमतेची शंका घ्यायची ती इथे. ऐकूनही धागा सुटत असता, अर्ध्या गोष्टीत तो खिडकीबाहेर गेला असता, तर लक्ष, श्रवण किंवा भाषा यांपैकी कुठे अडतंय ते आधी बघावं लागलं असतं.

मग जागेवरून उठण्याचं काय? वर्गशिक्षिकांना दोन आठवडे फक्त वेळ टिपायला सांगितली. भाषेच्या तासाला, त्यातही आळीपाळीने वाचन सुरू झालं की, ओंकारला तहान लागायची. तोंडी गणितं, चित्रकला, विज्ञानाचा प्रयोग चालू असताना एकदाही पाणी लागलं नाही. वाचायची पाळी चुकवण्याचा तो त्याचा मार्ग होता. एडीएचडीतली चंचलता अशी विषय बघून येत नाही. निदानासाठी लक्षणं कमीत कमी सहा महिने दिसावी लागतात, बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात आणि घर, शाळा, क्लास, मैदान अशा किमान दोन ठिकाणी असावी लागतात. चुकांचा पोतही वेगळा असतो. लक्षाची अडचण असलेलं मूल तोच शब्द सकाळी बरोबर वाचतं आणि संध्याकाळी ओळच गाळतं. वाचनाची अडचण असलेलं मूल त्याच प्रकारच्या शब्दाला रोज अडतं. दोन्ही अडचणी एकाच मुलात असणंही अजिबात दुर्मीळ नाही, त्यामुळे एक सापडली म्हणून दुसरीचा शोध थांबवू नये.

तपासणी कधी?

पहिली-दुसरीत घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा गोंधळ हे सर्रास चालतं. तेवढ्यावरून धावपळ करू नये. नुकतंच माध्यम बदललं असेल, किंवा आजारपणाने, स्थलांतराने बरीच शाळा बुडली असेल, तर आधी तो खड्डा भरू द्यावा. मी साधारण सहा महिने धरते. आठवड्यातून चार-पाच दिवस, रोज वीस मिनिटं, अक्षर, मात्रा, जोडाक्षर या क्रमाने ठरवून सराव घ्यायचा आणि महिन्याला एक उतारा रेकॉर्ड करायचा. बहुतेक मुलं या काळात सरकतात. मूल सरकलंच नाही आणि तिसरी उजाडली, म्हणजे आठ वर्षं पूर्ण झाली, तर तपासणी पुढे ढकलू नये. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही चाचपणीसाठी तिसरी इयत्ता किंवा आठ वर्षं हाच टप्पा धरला आहे. आठच्या आत दाखला मिळत नाही, मदत मात्र सुरू करता येते. आठवी-नववीतलं मूल असेल तर सहा महिने थांबायचं नाही, सराव आणि तपासणी एकदमच सुरू करा. मूल बोलता बोलता काही सेकंद शून्यात जात असेल, तर अभ्यासाचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा, तो फिट्सचा प्रकार असू शकतो.

मराठी माध्यमाच्या मुलाची चाचणी मराठीतच व्हायला हवी, हा माझा हट्ट असतो. इंग्रजी उतारा देऊन 'मूल दोन इयत्ता मागे' असं लिहून दिलेले अहवाल मी पाहिले आहेत. त्यातून फक्त त्याला इंग्रजी येत नाही एवढं कळतं. 'डाली' या नावाचा चाचणी संच हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तो तयार केला. पहिली-दुसरीसाठी आणि तिसरी ते पाचवीसाठी त्यात वेगवेगळ्या चाळणी चाचण्या आहेत. तपासणाऱ्यांना 'कोणत्या भाषेत घेणार?' हे आधीच विचारून घ्या.

दाखला कोणाला मिळतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात आहे. वाचनाची डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया, गणिताची डिसकॅल्क्युलिया हे सगळं त्याखाली येतं. एडीएचडी स्वतंत्रपणे या यादीत नाही. त्यामुळे फक्त एडीएचडीचं निदान असेल तर अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळत नाही. दोन्ही असेल तर अक्षमतेच्या भागावर मिळतो. बऱ्याच पालकांना हे रांगेत तासभर उभं राहिल्यावर कळतं.

तपासणी तीन पायऱ्यांची असते. बालरोगतज्ज्ञ दृष्टी, श्रवण आणि मज्जासंस्था तपासतात, कारण चष्म्याच्या नंबरामुळे अडलेल्या वाचनाला अध्ययन अक्षमता म्हणत नाहीत. मग मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक चाचणी घेतात. तो 85 च्या वर असला तर पुढची पायरी, म्हणजे वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणी संचात मूल चालू इयत्तेपेक्षा दोन इयत्ता मागे असणं ही खूण मानली जाते. ओंकारचं वाचन दुसरीच्या पातळीवर निघालं, तोंडी गणित पाचवीच्याच. बुद्ध्यांक 85 च्या खाली आला तर मूल अपात्र म्हणून विषय संपत नाही. तिथे वेगळ्या प्रकारच्या मदतीचा आणि कदाचित वेगळ्या दाखल्याचा विचार होतो.

खाजगी केंद्राचा अहवाल आणि सरकारी दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालावर शिकवण्याची दिशा ठरते, बोर्डाच्या सवलतीसाठी मात्र प्राधिकृत शासकीय रुग्णालयाचा दाखला लागतो. खाजगी चाचणी झाली असेल तर अहवाल सोबत न्या आणि तारीख आवर्जून दाखवा. तीच बुद्ध्यांक चाचणी काही महिन्यांत पुन्हा घेतली तर सरावाने गुण फुगतात.

अर्ज आणि कागद

अर्ज swavlambancard.gov.in या संकेतस्थळावर होतो. तिथे मुलाची माहिती आणि आधार क्रमांक भरायचा, फोटो आणि पत्त्याचा पुरावा चढवायचा, दिव्यांगत्वाच्या प्रकारात विशिष्ट अध्ययन अक्षमता निवडायची आणि आपल्या जिल्ह्यातलं रुग्णालय निवडायचं. पुणेकर सहसा ससूनकडे वळतात. नोंदणीच्या पावतीची छापील प्रत काढून ठेवा. निघण्याआधी अध्ययन अक्षमतेची तपासणी कोणत्या वारी असते ते चौकशी खिडकीवर विचारा. केसपेपर काढून भलत्या दिवशी परत आलेले पालक दर वर्षी भेटतात. एका फेरीत काम होत नाही, तीन-चार फेऱ्या धरूनच चला.

सोबत न्यायच्या फाइलमध्ये मूळ आधार, पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो, शाळेचं बोनाफाइड, मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि डोळे-कान तपासल्याचे कागद ठेवा. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्रही घ्या, पण 'अभ्यासात मागे आहे' एवढ्यावर ते थांबू देऊ नका. ओंकारच्या पत्रात वर्गशिक्षिकांनी लिहिलं होतं, "फळ्यावरचं उतरवताना दर शब्दाला वर बघतो, तोंडी उत्तर वर्गात सर्वांत आधी देतो." तपासणाऱ्यांनी नेमका त्यावर प्रश्न विचारला. वह्या मूळ न्या, झेरॉक्स नको. खोडलेलं, गिरवलेलं, अर्ध्यावर सोडलेलं पान झेरॉक्समध्ये साफसुथरं दिसतं. आणि आदल्या रात्री बसवून 'चांगली वही' तयार करून घेऊ नका, हे खरंच घडतं म्हणून लिहिते.

शाळा 'आमच्याकडे असं काही नसतं' म्हणाली, तर 2016 च्या कायद्यातलं सोळावं कलम दाखवा. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे असं त्यात स्पष्ट आहे. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक शहर साधन केंद्रात आणि तालुक्याला गट साधन केंद्रात असतात, तिथे लेखी विनंती करता येते.

तारखांचा हिशेब

दाखला आठव्या वर्षानंतर मिळतो, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि मग अठराव्या वर्षी. अठराव्या वर्षीचा आयुष्यभर चालतो. चौदावं वर्ष बहुतेकांचं आठवी-नववीत येतं. पाचवीत काढलेला दाखला कपाटात आहे म्हणून निवांत राहिलेल्या एका आईला दहावीचा फॉर्म भरताना कळलं की नूतनीकरणच झालेलं नाही. दुसऱ्या एका शाळेने तर खाजगी अहवालच दाखला समजून ठेवून घेतला होता आणि गडबड लक्षात आली ती जानेवारीत. दोन्ही मुलांचं ते वर्ष फार धावपळीचं गेलं.

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर अशा सवलती आहेत. पालकाने थेट बोर्डात जायचं नसतं. शाळेमार्फत, दाखल्याच्या प्रतीसह प्रस्ताव विभागीय मंडळाकडे जातो आणि मंजुरीचं पत्र परीक्षेआधी हातात असावं लागतं. लेखनिक हवा असेल तर नववीपासून त्याच्यासोबत सराव करा. मनातलं उत्तर दुसऱ्याच्या हाताच्या वेगाने सांगणं हे वेगळंच कसब आहे, पहिल्या पेपरला मुलं त्यातच अडतात.

ओंकार आता सातवीत आहे. चौदावा वाढदिवस आठवीत येतो, म्हणून आईने त्या महिन्याच्या पानावर आत्ताच 'ससून' लिहून ठेवलंय.