जोत्याची उंची कुठून मोजायची?

पुण्यात घर बांधताना ‘रस्त्यापासून दीड फूट जोते’ हा ठरलेला हिशोब असतो. सखल जागेत मात्र तो फसतो, कारण रस्ता स्वतःच स्थिर नसतो. डांबराचा एकेक नवा थर त्याला वर उचलत जातो आणि पूर्वी रस्त्याच्या वर असलेली जोती काही वर्षांत रस्त्याला टेकतात. पूरप्रवण भूखंडावर उंची मोजायची ती पुराच्या रेघेपासून. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत किंवा सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याकाठी पाणी शिरले, तशा ठिकाणी शेजारच्या भिंतींवर गाळाची आडवी रेघ बहुधा सापडते. दोन-तीन घरांवरच्या रेघा पाहून त्यांतली सर्वांत उंच रेघ पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने आपल्या भूखंडावर आणावी. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते. भूखंड नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत असेल, तर मात्र हा सारा खटाटोप व्यर्थ आहे, कारण तिथे घर बांधायलाच मनाई आहे.

तीन गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे 3,267 चौरस फुटांचा एक भूखंड उदाहरणादाखल घेऊ. अंगण रस्त्यापेक्षा दीड फूट खाली आहे आणि पुराची रेघ रस्त्याच्या दोन फूट वर, म्हणजे अंगणापासून साडेतीन फुटांवर आहे. पुढचा पूर मागच्या रेघेवरच थांबेल असे नसल्याने आणखी दीड फूट राखीव धरले, तर जोते अंगणापासून पाच फूट उंच येते. घराखालची जागा हजार चौरस फूट असेल, तर दाबून बसलेला भराव 5,000 घनफूट, म्हणजे 50 ब्रास लागतो. मुरूम दाबल्यावर आकसत असल्याने प्रत्यक्षात साठ-बासष्ट ब्रास मागवावा लागेल. एवढ्या उंचीला सहा इंचांच्या दहा पायऱ्या होतात. चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक उताराची घसरण करायची म्हटले, तर तिची लांबी साठ फूट भरते, तेव्हा तिची वळणे नकाशातच बसवलेली बरी.

खर्च वाचवण्यासाठी पायाच्या खोदाईतून निघालेली काळी माती जोत्यात ढकलण्याचा मोह अनेकांना होतो. ही माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, त्यामुळे वरची फरशी कधी उचलली जाते, कधी खचते. भराव मुरुमाचाच हवा, आणि तोही सहा ते आठ इंचांच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुम्मसाने किंवा यंत्राने ठोकून. थर नीट दाबले गेले नाहीत, तर वर्षा-दोन वर्षांत फरशी ठोकल्यावर पोकळ वाजते आणि भिंतीच्या कडेला स्कर्टिंगखाली फट दिसू लागते. शिवाय पूर ओसरताना बाहेरचे पाणी झटकन उतरते, पण भरावात मुरलेले पाणी आतच राहते आणि ओला भराव जोत्याची भिंत बाहेर ढकलतो. म्हणून पाच फुटांची भिंत नुसत्या विटांची नसावी. ती अभियंत्याकडून आखून घ्यावी आणि तिच्या तळाशी, आतून खडीचा थर देऊन, पाणी निघायला छिद्रे ठेवावीत.

आता निचरा. रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराचा तळ आपल्या अंगणापेक्षा फक्त एक फूट खाली आहे असे धरू. अंगणाच्या मागच्या टोकापासून तिथपर्यंत पन्नास फूट अंतर असेल, तर शंभरास एक या उतारात सहा इंच खर्ची पडतात आणि आपली नाली मागच्या टोकाला जेमतेम सहा इंच खोल उरते. एवढ्या उथळ जागेत पाइप गाडण्यापेक्षा वर उचलता येणारी जाळी टाकलेली उघडी नाली सोयीची, कारण तिच्यातला गाळ हाताने काढता येतो.

खरी अडचण वेगळीच आहे: गटारात एक फूट पाणी चढले, की ते उलटे अंगणाकडे वाहू लागते. म्हणून नालीच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप हवी. झडप मिटली की आपल्या आवारातले पावसाचे पाणी अडकेल, पण हिशोब करून पाहिला तर ते फारसे नसते. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर तीन गुंठ्यांवर सुमारे 15,000 लिटर पाणी जमते. घराची जागा वगळून उरलेल्या अंगणात ते पसरले, तर खोली तीन इंचांच्या आसपास राहते. पाच फुटांवरच्या फरशीला त्याचे काही नाही. त्यामुळे सगळे आवार भरून उंच करण्याची गरज पडत नाही आणि आपले पाणी शेजाऱ्याच्या दारात लोटण्याचा प्रश्नही येत नाही. पूर मोठा असेल तर पाणी अंगणात येणारच, आणि ते येऊ द्यावे. कुंपणाची भिंत सलग बंद ठेवून ते अडवायला गेले, तर साडेतीन फूट पाण्याचा एकतर्फी दाब भिंतच आडवी करू शकतो.

मैलापाण्याची वाहिनी याहून फसवी असते. रस्त्यावरचे चेंबर तुंबले की पाणी पाइपातून मागे येते आणि सर्वांत खालच्या भांड्यातून आधी बाहेर पडते. उंच जोत्यावरचे न्हाणीघर पूरपातळीच्या वर असल्याने सुरक्षित राहते, पण अंगणातला संडास किंवा कपडे धुण्याची मोरी साडेतीन फूट पाण्याखाली जाते. अंगणात अशी जोडणी ठेवूच नये हे उत्तम. ठेवायचीच असेल तर तिच्या पाइपाला स्वतंत्र झडप बसवावी आणि आवारातल्या चेंबरला घट्ट बसणारे झाकण असावे. झडपेत प्लास्टिकचा तुकडा किंवा खडा अडकला तर ती अर्धवट उघडी राहते आणि ते पूर आल्यावरच कळते, म्हणून मे महिन्यात झाकण उघडून तिची पाकळी हाताने हलवून पाहावी.