पार्श्वभूमी : क्षयरोगाच्या गोळ्या, आठवड्यातील तीन दिवस आणि औषधांना दाद न देणारे जंतू

सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील अनेक कुटुंबे ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षतोडणी संपेपर्यंत निफाड-दिंडोरीच्या बागांमध्ये मुक्कामी असतात. त्यांच्यापैकी एखाद्याचे क्षयाचे उपचार गावी सुरू झालेले असतील, तर सहा महिन्यांच्या गोळ्यांमध्ये खंड पडण्याची शक्यता नेमकी याच काळात सर्वाधिक असते. हा खंड इतका महाग का पडतो, हे समजण्यासाठी औषधांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

1948 मध्ये ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरील औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्या 55 रुग्णांपैकी सहा महिन्यांत 4 दगावले, तर केवळ विश्रांतीवर असलेल्या 52 पैकी 14. पाच वर्षांनी मात्र दोन्ही गटांतील फरक बराचसा पुसला गेला होता, कारण बहुतेकांच्या शरीरातील जंतू त्या एकट्या औषधाला दाद देईनासे झाले होते. औषधाने जंतूंमध्ये हा बदल घडवला नव्हता. विभाजनाच्या वेळी आपोआप होणाऱ्या जनुकीय चुकांमुळे असे मोजके जंतू आधीपासूनच तेथे होते. औषधाने बाकीचे मारले आणि यांना जागा मोकळी करून दिली.

हिशोब असा आहे. फुप्फुसातील एका पोकळीत 100 कोटी जंतू असू शकतात. आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधाला दाद न देणारा जंतू साधारण 10 लाखांत एक धरला, तर असे सुमारे 1000 जंतू पहिल्या गोळीपूर्वीच तेथे असतात. रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधासाठी हे प्रमाण 10 कोटींत एक धरले, तर दहा. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू मात्र 100 लाख कोटींत एखादा, म्हणजे त्या पोकळीत जवळजवळ नाहीच. औषधे एकत्र देण्याची पद्धत या गुणाकारावर उभी आहे, आणि रुग्णाने त्यांतील एखादीच गोळी निवडून घेतली की हा गुणाकार कोसळतो.

कालावधीचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. झपाट्याने वाढणारे जंतू तोवर मेलेले असतात, पण जवळजवळ निद्रिस्त असलेले उरतात आणि त्यांच्यावर औषध हळूहळूच चालते. सगळ्या गोळ्या एकदम थांबवल्या, तर रोग उलटतो, पण उलटलेले जंतू बहुधा अजून औषधांना दाद देणारे असतात. औषधांना दाद न देण्याचा गुण, म्हणजे प्रतिरोध, पोसला जातो तो प्रामुख्याने अधूनमधून, अपुऱ्या प्रमाणात किंवा एकेकट्या औषधाने झालेल्या उपचारांत.

म्हणूनच 1997 पासून देशभर विस्तारलेल्या क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमातील एका निर्णयाकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे : गोळ्या रोज न देता आठवड्यातून तीन वेळा देणे. कारण व्यावहारिक होते. प्रत्येक मात्रा आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायची, तर तीन फेऱ्या सात फेऱ्यांपेक्षा सोप्या, आणि हा जंतू सावकाश विभागत असल्याने मधला दिवस चालून जाईल, असा आधारही होता. काटेकोर देखरेखीखालील चाचण्यांत निकाल चांगले आले. परंतु शुक्रवारची एक मात्रा चुकली, की बुधवारपासून सोमवारपर्यंत पाच दिवसांचे अंतर पडते. रोजच्या पद्धतीत एक दिवस चुकला तर ते दोनच दिवसांचे असते. दुसरी त्रुटी अधिक गंभीर होती. शेवटचे चार महिने आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोनच औषधे असत, त्यामुळे सुरुवातीपासून आयसोनियाझिडला दाद न देणारे जंतू असलेला रुग्ण प्रत्यक्षात एकट्या रिफाम्पिसिनवर राहत असे, आणि तेही दिवसाआड. प्रामाणिकपणे कोर्स पूर्ण करणाऱ्यालाही यातून धोका होता. या निर्णयात रुग्णाच्या सोयीपेक्षा यंत्रणेच्या सोयीला अधिक वजन मिळाले, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2017 मध्ये रोजच्या मात्रेकडे वळण्याचे ठरले. आता वजनानुसार, एकाच गोळीत एकत्र केलेली औषधे रोज घ्यायची असतात. त्यामुळे निवडून घेण्याचा मार्गच उरत नाही, आणि शेवटच्या चार महिन्यांतही इथॅम्ब्युटॉल हे तिसरे औषध चालू राहते.

इतर संसर्गांना हेच गणित जसेच्या तसे लागू होत नाही. न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गात अनेकदा तीन ते पाच दिवस पुरतात, आणि गरजेपेक्षा जास्त दिवस घेतलेले औषध आतड्यातील निरुपद्रवी जंतूंमध्ये प्रतिरोध वाढवते. अवधी मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा असतो, बरे वाटू लागण्यावरून नव्हे.

निफाडहून परतलेल्या रुग्णाच्या गोळ्यांत खंड पडला असेल, तर जुनी पाकिटे पुन्हा उघडण्याआधी त्याच्या थुंकीची जनुकीय तपासणी व्हावी लागते. सुमारे दोन तासांत ती रिफाम्पिसिनला होणारा प्रतिरोध दाखवते. तो आढळला, तर नेहमीच्या गोळ्या बाजूला ठेवून वेगळी औषधयोजना सुरू करावी लागते. कामावर निघण्यापूर्वीच आरोग्य केंद्राला कळवले, तर उपचार बागेजवळच्या केंद्राकडे वर्ग करता येतात.