पावतीवरचे जुळे आठ

पावतीच्या फोटोतली रक्कम बदललेली आहे का, हे कसं ओळखायचं? बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, "फॉन्ट वेगळा दिसतो." या उत्तरामुळे दोन्हीकडून फसगत होते. अनेक अस्सल पावत्यांवर एकूण रकमेची ओळ मोठ्या अक्षरांत असते आणि लोक तिच्यावर उगाच संशय घेतात. दुसरीकडे, रक्कम बदलणारा माणूस फॉन्ट शोधत बसतच नाही. त्याच पावतीवरचा एखादा अंक उचलून तो हव्या त्या जागी चिकटवतो, म्हणजे फॉन्ट आपोआप जुळतो. असा अंक पकडायचा असेल, तर आधी पावती छापली कशी जाते ते बघावं लागतं.

दुकानातली पावती बहुधा थर्मल प्रिंटरवर छापतात. त्यात शाई नसते. कागदावरच एक रासायनिक लेप असतो आणि तो तापला की काळा पडतो. तापवण्याचं काम करणाऱ्या छपाईपट्टीवर अगदी बारीक तापक एका ओळीत बसवलेले असतात, साधारणपणे दर मिलिमीटरला ८. ८० मिलिमीटर रुंद कागदाच्या प्रिंटरमध्ये छपाईची रुंदी बहुधा ७२ मिलिमीटर असते, म्हणजे एकूण ५७६ तापक. पट्टी जागची हलत नाही, तिच्याखालून फक्त कागद सरकतो. प्रत्येक क्षणी ठिपक्यांची एक आडवी रांग उमटते आणि अशा रांगांवर रांगा रचत अक्षर तयार होतं.

मला या यंत्राचं फार आवडणारं वैशिष्ट्य असं, की त्याला काही चुका करताच येत नाहीत. एका ओळीतल्या सगळ्या अंकांचा तळ एकाच ठिपका-रांगेत छापला जातो, त्यामुळे त्यातला एकच अंक वर उचललेला असू शकत नाही. प्रिंटर स्वतःचा नेहमीचा फॉन्ट वापरत असेल, तर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. ती बहुधा १२ ठिपके रुंद असते, आणि ५७६ ला १२ ने भागलं की ओळीत ४८ अक्षरं येतात. अंक या चौकटीतून अर्धा ठिपका डावी-उजवीकडे सरकू शकत नाही, कारण तिथे तापकच नाही. ती मोठ्या अक्षरांची ओळसुद्धा पुष्कळदा नेहमीचेच अंक प्रत्येक ठिपका दुप्पट करून छापलेली असते. तिची रुंदी बरोबर दुप्पट भरली, तर तिच्यात वावगं काही नाही.

हे करून बघायला मी माझ्याच एका पावतीचा फोटो मुद्दाम बिघडवला. तीन रकमा होत्या: 118.00, 96.00 आणि 172.00, बेरीज 386.00. मी 96 मधला 6 उचलून 172 च्या 1 वर ठेवला, 672 झाले. मग 386 मधला 8 शेजारच्या 3 वर ठेवला, 886 झाले. 118, 96 आणि 672 यांची बेरीज 886 येते, म्हणजे हिशेब चोख. फॉन्टही तोच. नुसत्या नजरेला काही कळेना.

मग मोजायला बसलो. फोटोत छपाईची रुंदी ११५२ पिक्सेल भरली, म्हणजे एका ठिपक्याला २ पिक्सेल आणि एका अक्षराच्या जागेला २४. वरच्या न बदललेल्या ओळींत शेजारच्या दोन अंकांच्या मध्यांतलं अंतर २४ च्या आसपासच येत होतं, फार तर अर्ध्या पिक्सेलचा फरक. 886 मधल्या दोन आठांत ते २१ भरलं. तीन पिक्सेल म्हणजे दीड ठिपका, आणि दीड ठिपका छापण्याची सोय त्या पट्टीत नाही. मोजताना अंकाची कड न धरता मध्य धरावा, कारण 1 सारखा अंक आपल्या चौकटीत बारीक असतो आणि कडेवरून मोजलं तर अंतर चुकतं.

पण अंक चिकटवताना मी जास्त काळजी घेतली असती, तर २४ पिक्सेलही साधता आले असते. खरा पुरावा त्या दोन आठांच्या सारखेपणात होता. प्रिंटर प्रत्येक 8 एकाच साच्यातून छापतो हे खरं, पण फोटोत कुठलेही दोन 8 हुबेहूब सारखे येत नाहीत. कागदाचा पोत जागोजागी वेगळा असतो, प्रकाश एका बाजूने कमी होत जातो, कॅमेऱ्याच्या सेन्सरची भुरभुर प्रत्येक पिक्सेलला वेगळी असते. शिवाय छापील ठिपका कॅमेऱ्याच्या पिक्सेलवर दर वेळी थोडा वेगळ्या जागी पडतो. म्हणून एका 8 ची कड जिथे करडी दिसते, तिथे दुसऱ्याची काळी दिसते. मी दोन्ही आठ एकमेकांवर ठेवून पिक्सेलची पिक्सेलमधून वजाबाकी केली. 118 मधल्या आठाशी तुलना करताना कडांवर फरकाचं जाळं उरलं. 886 मधल्या दोन आठांची वजाबाकी मात्र जवळजवळ कोरी आली. अगदी शून्य नाही, कारण बदललेलं चित्र पुन्हा जेपीईजीमध्ये साठवताना ८×८ पिक्सेलच्या तुकड्यांत दाबलं जातं आणि दोन्ही आठ त्या तुकड्यांत वेगवेगळ्या जागी पडले होते.

ही कसोटी फक्त फोटोला आणि स्कॅनला लागू आहे. मोबाइलवरच्या पावतीच्या स्क्रीनशॉटमध्ये एकसारखे अंक येणं साहजिकच आहे. तिथे उलट एखाद्याच अंकाभोवती धूसर कडा दिसली, तर लक्ष द्यावं.

आणखी एक खूण मला नशिबाने मिळाली. त्या प्रिंटरचा एक तापक बंद पडला होता, त्यामुळे वरून खालपर्यंत केसाएवढी पांढरी उभी रेघ गेली होती. दुकानाच्या ठळक नावात आणि बेरजेवरच्या तुटक रेषेत ती स्पष्ट दिसते. शेकड्याच्या घरातून जाणारी ही रेघ 672 च्या 6 मध्ये नाही आणि 886 च्या पहिल्या 8 मध्येही नाही, कारण ते अंक दुसऱ्या घरांतून आले. जळलेला तापक एखाद्या अंकापुरता बरा होत नाही.

इथे एका लोकप्रिय भ्रमाबद्दल बोलायला हवं. फोटो टाकला की "बनावट भाग" चमकवून दाखवणारी साधनं फुकट मिळतात. ती चित्र पुन्हा दाबून कुठे किती फरक पडतो ते रंगवतात. पांढऱ्यावर काळी अक्षरं असली की कडा मुळातच चमकतात, मग पावती कितीही अस्सल असो. नुसती ती चमक बघून कुणावर आरोप करणं म्हणजे लिंबू उतरवून निदान करण्यासारखं आहे.

मोजणीलाही मर्यादा आहेत. चुरगळलेल्या किंवा गोल वळलेल्या कागदावर ओळ वाकते, पण तेव्हा शेजारचे अंकही तिच्याबरोबर हळूहळू वाकतात, एकटा अंक उडी मारत नाही. काही दुकानांत संगणक पूर्ण पावती चित्र म्हणून प्रिंटरला पाठवतो, तिथे १२ ठिपक्यांची चौकट लागू होत नाही. मेसेजिंग अ‍ॅपमधून फिरून आलेला फोटो बहुधा लहान करून पुन्हा दाबलेला असतो, त्यात वजाबाकीचा पुरावा बराचसा पुसला जातो. अंतरं मात्र त्यातूनही बऱ्यापैकी टिकतात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

आणि कुणी खोटी रक्कम खऱ्या थर्मल प्रिंटरवर नव्याने छापून तिचा फोटो काढला, तर वरचं सगळं निरुपयोगी आहे. त्या फोटोत प्रत्येक ठिपका अस्सलच असेल. तिथे पावतीचा क्रमांक घेऊन दुकानाच्या नोंदीशीच ताळा करावा लागतो.