भिंगाच्या मागे वीस सेंटिमीटरवर

तारेची एक बारीक जाळी घेऊ. तिच्या उभ्या आणि आडव्या तारा दर 0.1 मिलिमीटरला एक अशा विणलेल्या आहेत. हेलियम-निऑन लेझरचा झोत सेंटिमीटरभर रुंद करून, किरण समांतर राहतील अशा बेताने, या जाळीवर सोडायचा. जाळीपासून 21 सेंटिमीटरवर 20 सेंटिमीटर नाभीय अंतराचं बहिर्वक्र भिंग ठेवायचं. भिंगापासून 4.2 मीटर दूर, समोरच्या भिंतीवर, जाळीची वीसपट मोठी प्रतिमा पडते. दोन-दोन मिलिमीटरचे चौकोन नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात.

आता भिंगाच्या पलीकडे बरोबर 20 सेंटिमीटरवर, म्हणजे नाभीय प्रतलात, एक आडवी फट धरायची. दाढीची दोन पाती मिलिमीटरभर अंतर सोडून चिकटवली की अशी फट तयार होते. भिंतीकडे पाहिलं तर आडव्या तारा नाहीशा झालेल्या असतात आणि फक्त उभ्या तारा उरतात. जाळीला कुणी हात लावलेला नाही, भिंगही जागचं हललेलं नाही. फट उभी केली की उलट होतं: उभ्या तारा जातात आणि आडव्या दिसू लागतात.

हा प्रयोग आबे-पोर्टर प्रयोग म्हणून ओळखला जातो. जर्मनीतल्या येना इथे कार्ल झाइसच्या कारखान्यासाठी सूक्ष्मदर्शक सुधारणाऱ्या अर्न्स्ट आबे यांनी 1873 साली त्यामागचा सिद्धांत मांडला आणि 1906 साली अल्बर्ट पोर्टर यांनी तो जाळीवर दाखवून दिला. आबेंपुढची अडचण व्यवहारातली होती. भिंगाचे दोष कमी व्हावेत म्हणून त्याचं तोंड लहान केलं, तर प्रतिमा सुधारण्याऐवजी बारकावे हरवत होते. ते का, याचं उत्तर नाभीय प्रतलात होतं.

तिथे एक पांढरा कागद धरला तर काय दिसतं? जाळी दिसत नाही. दिसतात लाल ठिपके: मधोमध एक सगळ्यात तेजस्वी, आणि त्याच्याभोवती उभ्या-आडव्या ओळींत मांडलेले, कडेकडे मंद होत गेलेले. शेजारच्या दोन ठिपक्यांत सव्वा मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त अंतर असतं. (झोताच्या वाटेत डोळा कधीच आणायचा नाही, जे पाहायचं ते कागदावर किंवा भिंतीवर.)

हे ठिपके कुठून आले? समान अंतरावरच्या फटींतून प्रकाश गेला की तो सरळ तर जातोच, शिवाय काही ठरावीक कोनांत वळतोही. हे विवर्तन. पहिला कोन, रेडियनमध्ये मोजला तर, तरंगलांबी भागिले तारांमधलं अंतर इतका असतो. लेझरची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर आणि तारांमधलं अंतर 0.1 मिलिमीटर, म्हणून हा कोन 0.00633 रेडियन, म्हणजे सुमारे 0.36 अंश येतो. तारा जितक्या जवळ, तितका कोन मोठा. म्हणजे जाळीच्या विणीचा बारीकपणा प्रकाशाच्या दिशेत उतरलेला असतो. भिंगाची रीत अशी की एका दिशेने आलेले सगळे समांतर किरण, ते भिंगावर कुठेही पडोत, नाभीय प्रतलातल्या एकाच बिंदूत जमतात. रेडियनमधला कोन गुणिले नाभीय अंतर केलं की त्या बिंदूचं मधल्या ठिपक्यापासूनचं अंतर मिळतं: इथे 1.27 मिलिमीटर. कागदावर आपण मोजलं ते हेच.

जाळीच्या जागी एखादं छायाचित्र पारदर्शक फिल्मवर ठेवलं तरी नियम बदलत नाही. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी उष्णतेचा अभ्यास करताना वापरलेली कल्पना अशी: कोणताही आकार वेगवेगळ्या बारीकपणाच्या साध्या लहरींची बेरीज म्हणून लिहिता येतो. चित्रातही अशाच लहरी असतात, काही रुंद पट्ट्यांच्या, काही अगदी बारीक, प्रत्येकीची दिशा निराळी. प्रत्येक लहर प्रकाशाला आपल्या हिशेबाने वळवते आणि भिंग तिला तिच्या जागी नेऊन बसवतं. मध्यापासून किती दूर, यावरून लहर किती बारीक ते कळतं. कोणत्या दिशेला, यावरून पट्ट्या कशा आहेत ते कळतं. आणि ठिपक्याचं तेज तिचा जोर सांगतं. कागदावरच्या गणितात पानं भरून केलं जाणारं फूरिये रूपांतर भिंग प्रकाश पलीकडे पोहोचेपर्यंत करून मोकळं होतं.

याची एक सुंदर पडताळणी जागेवरच करता येते. जाळी तिच्याच प्रतलात थोडी डावी-उजवीकडे सरकवा. भिंतीवरची प्रतिमा सरकते, पण नाभीय प्रतलातले ठिपके जागचे हलत नाहीत, कारण विणीचं अंतर आणि दिशा तीच आहे. जाळी गोल फिरवली तर मात्र ठिपक्यांची सगळी मांडणी तिच्याबरोबर फिरते.

आता फटीचा उलगडा सोपा आहे. उभ्या तारा प्रकाशाला डावी-उजवीकडे वळवतात, म्हणून त्यांचे ठिपके आडव्या ओळीत पडतात. आडव्या फटीतून मधली तेवढी ओळ पुढे गेली, आडव्या तारांची माहिती असलेले वरखालचे ठिपके अडले. भिंतीवर पोहोचलेल्या प्रकाशात आडव्या तारांचा मागमूसच नव्हता.

खरी मजा फट 45 अंशांत तिरकी धरली की येते. तेव्हा कर्णावरचे ठिपके तेवढे सुटतात आणि भिंतीवर फटीला काटकोनात तिरक्या रेघा उमटतात. जाळीत तिरकी तार एकही नाही! शिवाय या रेघांमधलं अंतर 2 नव्हे तर सुमारे 1.4 मिलिमीटर भरतं, कारण कर्णावरचे ठिपके एकमेकांपासून अधिक दूर आहेत. मला हा प्रयोगाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. प्रतिमा म्हणजे वस्तूची जशीच्या तशी नक्कल, ही आपली समजूत इथे मोडते. नाभीय प्रतलातून जे पुढे गेलं, त्याच्याच लहरी भिंतीवर पुन्हा एकत्र येतात आणि त्यांच्यातून जे बनेल ते दिसतं.

फट काढून मिलिमीटरभर व्यासाचं छिद्र मधल्या ठिपक्यावर बसवलं, तर जाळी पूर्ण नाहीशी होते आणि भिंतीवर एकसारखा लाल उजेड राहतो. पण जाळीवर आधीच अर्ध्या मिलिमीटरचा शाईचा डाग पाडून ठेवला असेल, तर तो दिसत राहतो, फक्त कडा पुसट होतात. डाग विणीच्या मानाने मोठा आहे, म्हणून त्याचा प्रकाश मधल्या ठिपक्याच्या आसपासच पसरतो आणि छिद्रातून निसटतो. या छिद्रातून साधारण पाव मिलिमीटरपेक्षा बारीक लहर जाऊ शकत नाही. डागाची तीक्ष्ण कड जिच्यावर अवलंबून असते, ती अशीच बारीक लहर. छिद्र शेजारच्या एखाद्या ठिपक्यावर नेलं तरी तोच डाग, जाळीविना, थोड्या मंद उजेडात दिसतो. प्रत्येक ठिपक्याभोवती डागाची पूर्ण माहिती असते.

चंद्राच्या छायाचित्रांवर ही युक्ती वापरली गेली आहे. 1966-67 साली अमेरिकेच्या लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची चित्रं पट्ट्यापट्ट्यांनी पाठवली. त्या जोडून केलेल्या चित्रावर सांध्यांच्या समांतर रेघा राहिल्या. रेघा समान अंतरावर, म्हणून नाभीय प्रतलात त्यांचे ठिपके एका ओळीत येतात. मधला ठिपका मोकळा ठेवून ही ओळ झाकली की रेघा जातात आणि खड्डे, डोंगर शाबूत राहतात. त्या ओळीत चंद्रावरच्या भूरूपांचा थोडा प्रकाश असतो, तोही जातो, आणि तो नंतर परत आणता येत नाही. म्हणून झाकण शक्य तितकं अरुंद ठेवावं लागतं.

उलट मधला ठिपकाच झाकला तर? जाळीऐवजी एकाच दिशेच्या रेघांची पट्टी घेऊ, जिच्यात काळी रेघ आणि मोकळी जागा सारख्याच रुंदीची आहे. मोकळ्या जागेतल्या प्रकाशलहरीची उंची 1 आणि रेघेत 0 धरली, तर सरासरी 0.5. मधला ठिपका म्हणजे ही सरासरी. ती वजा केली की मोकळ्या जागी 0.5 आणि रेघेच्या जागी उणे 0.5 उरतं. डोळ्याला तेज कळतं आणि तेज म्हणजे उंचीचा वर्ग, जो दोन्हीकडे सारखाच. म्हणून काळ्या-पांढऱ्या रेघा जाऊन सगळीकडे सारखा उजेड येतो आणि फक्त कडांवर बारीक काळ्या रेषा राहतात. मोकळी जागा रेघेपेक्षा रुंद असेल तर काळ्या रेघाच अधिक उजळ दिसतात.

प्रयोग फसतो तो बहुधा दोन ठिकाणी. एक म्हणजे प्रकाश. साध्या दिव्याचा प्रत्येक बिंदू आपापला ठिपक्यांचा संच थोडा सरकवून टाकतो, ते एकमेकांत मिसळतात आणि फटीला निवडायला काही उरत नाही. दिवा वापरायचाच तर त्यापुढे सूक्ष्म छिद्र आणि रंगाची गाळणी हवी. दुसरं म्हणजे फटीची जागा. ती तपासायला पात्याची एक धार बाजूने हळूहळू झोतात सरकवायची. पातं नाभीय प्रतलात असेल तर धार मधल्या ठिपक्यावर येताच भिंतीवरची सगळी प्रतिमा एकदम मंद होते. पुढेमागे असेल तर सावली एका कडेकडून प्रतिमेवर चढत जाते. ती पात्याच्याच बाजूने चढते की विरुद्ध, हे पाहून पातं कुठे सरकवायचं ते ठरवता येतं.

आबेंना पडलेल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. भिंगाची गोल कड हेसुद्धा एक छिद्रच आहे. बारीक विणीचा वळलेला प्रकाश मोठ्या कोनात जातो. भिंगाचं तोंड लहान असेल तर तो आत येतच नाही आणि ती वीण प्रतिमेत उमटत नाही, मग भिंग कितीही निर्दोष घासलेलं असो. अशा विणीचा निदान पहिला ठिपका तरी आत यावा लागतो.

नेदरलँड्समध्ये फ्रिट्स झेर्निके यांनी याच प्रतलात काही न अडवता एक बदल केला. जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. त्या प्रकाश शोषत नाहीत, फक्त त्याला किंचित मागे ठेवतात, आणि हे डोळ्याला कळत नाही. पेशीतून वळलेला प्रकाश सरळ गेलेल्या प्रकाशापेक्षा पाव तरंगलांबीने मागे असतो, म्हणून दोघांच्या बेरजेत तेज जवळपास बदलत नाही. नाभीय प्रतलात मात्र हे दोघे वेगळे होतात: सरळ आलेला मधल्या ठिपक्यात, वळलेला त्याच्या आजूबाजूला. झेर्निकेंनी मधल्या ठिपक्याच्या जागी काचेवर अशी पट्टी बसवली की सरळ आलेल्या प्रकाशात आणखी पाव तरंगलांबीचा फरक पडेल, आणि तो फार प्रखर असल्यामुळे थोडा मंदही होईल. आता दोन्ही प्रकाश एकमेकांना खोडतात किंवा भर घालतात, आणि रंग न चढवलेली जिवंत पेशी केंद्रकासह स्पष्ट दिसते. त्यांना 1953 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या फेज काँट्रास्ट सूक्ष्मदर्शकात ही पट्टी कडीच्या आकाराची असते, कारण खालून येणारा उजेडही कडीच्या आकाराच्या फटीतूनच सोडलेला असतो.